आभाराच्या कागदावरच्या तीन रिकाम्या ओळी

चर्चासत्राचे शेवटचे मनोगत संपते, टाळ्या वाजतात आणि सूत्रसंचालक म्हणतो, "आता आभारप्रदर्शनासाठी मी विनंती करतो..." तेवढ्यात सभागृहाच्या मागच्या रांगांतून खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागतात. कुणाला पाच वाजताची एसटी गाठायची असते, कुणाला चहाच्या रांगेत पुढे उभे राहायचे असते. मंचावर एक विद्यार्थिनी हातातला कागद उलगडते आणि वाचू लागते: सन्माननीय पाहुण्यांनी आपल्या व्यग्र दिनक्रमातून वेळात वेळ काढून, आपल्या अमोघ वाणीने, अत्यंत मोलाचे मार्गदर्शन केले. तो कागद आदल्या रात्री लिहिलेला असतो. पाहुण्यांनी काय सांगितले याचा एक शब्दही त्यात नसतो, कारण तो असणे शक्यच नसते.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत वर्षभर अशी शेकडो चर्चासत्रे आणि अतिथी व्याख्याने होतात. वाङ्मय मंडळ, भूगोल अभ्यास मंडळ, विज्ञान मंडळ, विद्यार्थी परिषद, प्रत्येकाची आपापली समिती असते. या समित्या पाहुण्यांना बोलावण्यासाठी महिनाभर धावपळ करतात. निरोप देण्याची तयारी मात्र बहुतेक वेळा शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांच्या खरेदीवर थांबते. खरे तर आभार हे तीन ठिकाणी मानले जातात: मंचावर, फाटकापाशी आणि पत्रात. पहिल्याची मुदत दोन-तीन मिनिटांची, दुसऱ्याची अर्ध्या तासाची, आणि तिसऱ्याची कित्येक महिन्यांची असू शकते.

हे नीट समजण्यासाठी एक उदाहरण सविस्तर रचून पाहू. तालुक्याच्या गावातले एक महाविद्यालय आहे असे समजा. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या भूगोल अभ्यास मंडळाने भूजलावर एक दिवसाचे चर्चासत्र ठेवले आहे. वक्ते आहेत भूजल सर्वेक्षणातून निवृत्त झालेले एक भूवैज्ञानिक. दीडशे किलोमीटरवरून ते एसटीने येणार आहेत. मंडळाची सचिव तृतीय वर्षाची विद्यार्थिनी आहे आणि आभार तिलाच मानायचे आहेत.

तिने आदल्या रात्री कागद लिहिला, पण निम्माच. प्राचार्य, विभागप्रमुख, ग्रंथपाल, ध्वनिक्षेपक सांभाळणारे काका, सकाळी सातला येऊन सभागृह झाडणाऱ्या मावशी यांची नावे तिने तपासून लिहिली. वक्त्यांच्या नावापुढे मात्र तीन ओळी रिकाम्या सोडल्या. त्या ओळी व्याख्यान चालू असताना भरायच्या होत्या. त्यासाठी तिने सूत्रसंचालनाची जबाबदारी मुद्दाम दुसऱ्याकडे दिली होती आणि स्वतः दुसऱ्या रांगेत वही घेऊन बसली होती.

ही सोय वाटते तितकी किरकोळ नाही. समितीतली मुले व्याख्यानाच्या वेळी सभागृहात नसतातच. कुणी जेवणाच्या पंगतीकडे, कुणी प्रमाणपत्रांवर नावे घालत, कुणी छायाचित्रकाराच्या मागे. ज्यांनी पाहुण्यांना आमंत्रण देऊन बोलावले, त्यांनीच पाहुण्यांचे ऐकलेले नसते. मग आभार विशेषणांनी भरावे लागतात. म्हणून आभार मानणाऱ्याला त्या तासाभरासाठी बाकी सगळ्या कामांतून मोकळे करणे हीच आभाराची पहिली तयारी.

वक्त्यांनी त्या दिवशी पिशवीतून दोन दगड काढले. एक काळा, टणक पाषाण. दुसरा पिवळसर, ठिसूळ मुरमाचा खडा. दोन्हींवर त्यांनी बाटलीतले थोडे पाणी सोडले. काळ्या दगडावरून ते ओघळून टेबलावर आले, मुरमाच्या खड्याने ते पिऊन टाकले. मग त्यांनी सांगितले की महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्ट या खडकाचा आहे. या खडकात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगा-सांध्यांमध्ये. खालचा अखंड पाषाण जवळजवळ कोरडा असतो. एका मुलाने विचारले, "सर, आमची बोअर पाचशे फूट गेली तरी कोरडी का?" सर म्हणाले, "कारण पाणी तू वरच्याच थरात सोडून आलास. खाली भेग लागली तर नशीब, नाही लागली तर दगडच."

सचिवेने वहीत तीन गोष्टी टिपल्या: दोन दगड, पाचशे फुटांचा प्रश्न, आणि वक्त्यांचे एक वाक्य, की आपल्या गावच्या विहिरीची पातळी मोजायला टेप आणि खडू पुरतो.

मंचावर ती बोलली ती सव्वादोन मिनिटे. सुरुवातीलाच म्हणाली, "सरांनी टेबलावर सोडलेलं पाणी अजून पुसलेलं नाही." सभागृहातली चुळबुळ थांबली. मग तिने पाचशे फुटांच्या प्रश्नाचा उल्लेख केला, आपल्या वाडीत गेल्या उन्हाळ्यात चार बोअर घेतल्या त्यांची आठवण सांगितली, आणि म्हणाली, "आम्ही अकरा विहिरी मोजणार आहोत. सर, टेप आमच्याकडे आहे, खडूही आहे." त्यानंतर बाकीच्यांची नावे घेतली. शेवटी ध्वनिक्षेपकवाल्या काकांचे आणि सफाईच्या मावशींचे नाव आले तेव्हा टाळ्या वाजल्या.

इथे क्रमाचा एक मुद्दा आहे. आपल्याकडे आभाराची यादी पदानुसार उतरत येते: संस्थाध्यक्ष, सचिव, प्राचार्य, उपप्राचार्य, मग कुठेतरी वक्ते. पाहुणे त्या सातव्या-आठव्या क्रमांकाची वाट पाहत मंचावर बसलेले असतात. आभार ज्यांच्यासाठी आहेत त्यांचे नाव आधी घ्यावे, लक्ष ताजे असताना घ्यावे. संस्थेतल्या मोठ्या माणसांचा मान स्वागतात आणि प्रास्ताविकात राखलेला असतोच. दोन मिनिटांत साधारण सव्वादोनशे शब्द बोलून होतात, त्यातले निम्मे तरी वक्त्यांच्या वाट्याला यायला हवेत.

मराठी आभाराची काही ठरलेली वाक्ये आहेत. "आभार मानून मी आपल्याला परके करणार नाही, आपल्या ऋणातच राहणे पसंत करेन" हे त्यांतले सर्वांत लाडके. कधीकाळी कुणी ते मनापासून उच्चारले असेल. आज ते ऐकताना वक्ता फक्त हे ओळखतो की आता कागदाचा शेवट जवळ आला. दुसरे वाक्य "ज्ञात-अज्ञात हातांचे" आभार. कार्यक्रम राबवणारे हात अज्ञात नसतात. समितीला ते नावानिशी माहीत असतात. ते नाव घेतले तर त्या माणसाला घरी जाऊन सांगता येते की आज माझे नाव मंचावरून घेतले.

सत्काराबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. एसटीने किंवा रेल्वेने परतणाऱ्या माणसाला फूटभर उंचीचे काचेचे सन्मानचिन्ह, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला पुष्पगुच्छ आणि नारळ देणे म्हणजे त्याच्या दोन्ही हातांना काम देणे. त्यापेक्षा एखादे पुस्तक बरे. आत समितीच्या मुलांनी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिलेल्या असल्या तर आणखी बरे. सन्मानचिन्ह करायचेच असेल तर नावाची जुळणी पाहुण्यांकडून मागवलेल्या परिचयपत्रावरून करावी, फलक रंगवणाऱ्याच्या कानावर विसंबू नये. काचेवर कोरलेले चुकीचे आडनाव दुरुस्त होत नाही, आणि ते पाहुण्यांच्या कपाटात वर्षानुवर्षे राहते. आणि वक्त्या बाई असतील तर त्यांनाही तोच सत्कार असावा जो पुरुष वक्त्यांना. कुठे पुरुषाला शाल-श्रीफळ आणि बाईंची खणा-नारळाने ओटी असा भेद असतो. त्यात अनेकदा विधवा किंवा अविवाहित वक्त्यांना नकळत दुखावले जाते. ज्ञानाचा सत्कार करताना कुणाच्या कपाळाकडे पाहण्याचे कारण नाही.

मंचावरून उतरल्यानंतरचा अर्धा तास हा सर्वांत दुर्लक्षित. छायाचित्रे होतात, चहा होतो, आणि मग समितीतले सगळे एकमेकांना शोधू लागतात. पाहुणे पिशवी खांद्याला लावून फाटकापाशी उभे. गाडी येणार की रिक्षा बोलावायची, कुणालाच माहीत नाही. मानधनाचे पाकीट खजिनदाराकडे आहे, खजिनदार जेवणाचा हिशेब करतो आहे. ज्या माणसाचे तासापूर्वी इतके कौतुक झाले तोच आता आपल्या निरोपाची वाट पाहत असतो. हे मुद्दाम कुणी करत नाही. फक्त शेवटचा अर्धा तास कुणाच्या नावावर नसतो.

म्हणून एक विद्यार्थी फक्त यासाठी नेमावा. आपल्या उदाहरणात द्वितीय वर्षाचा एक मुलगा सकाळी स्थानकावर सरांना घ्यायला गेला होता, आणि संध्याकाळी बसमध्ये बसवून देण्यापर्यंत तो त्यांच्याबरोबर राहिला. सरांना मधुमेह आहे, दुपारी एकला जेवण लागते, हे त्याला आधीच फोनवर विचारून माहीत होते. दोन दगडांची पिशवी त्याने स्वतः उचलली. बस सुटेपर्यंत तो खिडकीशी उभा राहिला.

पैशाची गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी, कारण पाहुण्यांच्या मनात सर्वांत जास्त वेळ खुपते ती तीच. मानधन किती, प्रवासखर्च कसा आणि कधी मिळणार, हे आमंत्रणाच्या पत्रातच लिहायला हवे. पुष्कळ समित्यांना हे विचारायचा संकोच वाटतो. "सर आपलेच आहेत, कसे विचारायचे?" असे म्हणून विषय टाळला जातो, आणि मग सर आपले असल्यामुळेच त्यांना काही बोलता येत नाही. मानधन देण्याची ऐपत नसेल तर तेही पत्रात स्पष्ट लिहावे. केवळ प्रवासखर्चावर आनंदाने येणारी माणसे पुष्कळ आहेत. ठरवून न देणे आणि देतो म्हणून लांबवणे यांत फार मोठे अंतर आहे.

आपल्या उदाहरणात मानधन दोन हजार रुपये ठरले होते आणि दोन्ही वेळचे एसटी भाडे व रिक्षा मिळून प्रवासखर्च सातशे चाळीस रुपये झाला. समितीने काय केले? आमंत्रणाबरोबरच बँक खात्याचा तपशील मागवून ठेवला होता. व्याख्यानाआधी, चहाच्या वेळी, सरांकडून तिकिटे घेतली आणि पावतीवर सही घेतली. पाच हजारांच्या आतली रक्कम असल्यामुळे त्या पावतीला एक रुपयाचे महसूल तिकीट लागत नव्हते. पाच हजारांच्या वर असती तर लागले असते. मूळस्थानी करकपात हा प्रश्न इतक्या लहान रकमेला येत नाही. व्यावसायिक सेवेच्या शुल्कावर एका संस्थेने एका व्यक्तीला वर्षभरात दिलेली रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर गेली तरच कपात करावी लागते, आणि ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून तीस हजारांवरून पन्नास हजार झाली. खजिनदार विद्यार्थ्याला एवढे माहीत असले की पुरते. "सर, कर कापला जाईल" असे उगाच सांगून पाहुण्याला कोड्यात टाकले जात नाही.

महाविद्यालयाच्या कचेरीत देयक तीन टेबलांवरून फिरते. त्याला दहा-पंधरा दिवस लागतात, आणि ते विद्यार्थ्यांच्या हातात नसते. त्यांच्या हातात असते ते सांगणे. सचिवेने सरांना निघतानाच सांगितले की रक्कम पंधरा तारखेपर्यंत खात्यात येईल. ती बारा तारखेला आली. आली तेव्हा तिने दोन ओळींचा निरोप पाठवला. एखाद्या ठिकाणी रक्कम दोन महिने रखडली, तर दर आठवड्याला कचेरीत जाऊन विचारणे आणि पाहुण्यांना उशिराचे कारण खरेखरे कळवणे, हेही आभारातच मोडते.

आता पत्राकडे वळू. बहुतेक महाविद्यालयांत आभारपत्र हे त्याच दिवशी, पाहुणे मंचावर असतानाच, कागदी पाकिटात घालून दिले जाते. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नॅकच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालयाला प्रत्येक उपक्रमाची कागदपत्रे जपावी लागतात: सूचना, कार्यक्रमपत्रिका, उपस्थितांच्या सह्या, छायाचित्रे, अहवाल आणि पाहुण्यांना दिलेल्या पत्राची प्रत. शिवाय वक्ते प्राध्यापक असतील तर पदोन्नतीच्या फाइलमध्ये आमंत्रित व्याख्यानाचा पुरावा त्यांना लागतो. तेव्हा जावक क्रमांक, तारीख, विषय आणि प्राचार्यांची सही असलेले पत्र देणे आवश्यकच आहे, आणि ते त्याच दिवशी हातात पडले तर पाहुण्यांचीही सोय होते.

पण ते प्रमाणपत्र आहे, आभार नव्हेत. "आपले व्याख्यान अत्यंत प्रेरणादायी झाले" हे वाक्य व्याख्यान होण्याआधी छापलेले असते, आणि वाचणाऱ्याला ते कळते. म्हणून कागद दोन असावेत. पहिला कचेरीचा, ज्यात फक्त तथ्ये असतील: अमुक तारखेला, अमुक विषयावर, अमुक श्रोत्यांपुढे आपण व्याख्यान दिले. विशेषणांची त्याला गरज नाही. दुसरा समितीचा, विद्यार्थ्यांच्या भाषेतला, आणि तो व्याख्यानानंतर दोन-तीन दिवसांत लिहिलेला.

सचिवेचा पहिला खर्डा असा होता:

"आदरणीय सर, स.न.वि.वि. दिनांक २८ रोजी आयोजित चर्चासत्रास आपण उपस्थित राहून आम्हा विद्यार्थ्यांना बहुमोल मार्गदर्शन केले, त्याबद्दल आम्ही आपले अत्यंत ऋणी आहोत. आपल्या ओघवत्या शैलीने सर्व श्रोते मंत्रमुग्ध झाले. भविष्यातही आपले असेच सहकार्य लाभो, ही विनंती. कळावे, लोभ असावा."

या पत्रात चूक एकही नाही. पण भूजल हा शब्द त्यात नाही, आणि हेच पत्र कवीला, डॉक्टरला किंवा पोलीस अधिकाऱ्याला तसेच्या तसे पाठवता येईल. पत्र तपासण्याची ही सोपी खूण आहे. पाहुण्यांचे नाव झाकावे आणि पत्र वाचावे. कुणाला लिहिले आहे ते कळत नसेल, तर पत्र पुन्हा लिहावे.

दुसरा खर्डा तिने समितीतल्या चौघांना बसवून, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारून लिहिला: तुला काय आठवतंय?

"आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. तुम्ही गेल्यानंतर दोन्ही दगड आम्ही विभागात ठेवायला मागितले नाहीत, याची हळहळ वाटते आहे. मुरमाच्या खड्याने पाणी प्यायलेले सगळ्यांच्या लक्षात राहिले. पाचशे फुटांचा प्रश्न विचारणारा मुलगा घरी जाऊन वडिलांशी बोलला. त्यांनी या वर्षी नवी बोअर घेण्याआधी जुन्या विहिरीतला गाळ काढायचे ठरवले आहे. आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते की विहिरीची पातळी वर्षातून चारदा मोजली जाते. मार्चमध्ये आम्ही पहिल्यांदा मोजू. तुमचे खिडकीजवळचे चित्र सोबत पाठवत आहोत. त्यात तुम्ही हसत आहात. तुमची, भूगोल अभ्यास मंडळातील मुले."

हे पत्र पहिल्यापेक्षा फार लांब नाही. भाषा साधी आहे. एखाद्या मराठीच्या प्राध्यापकांनी त्यातली दोन वाक्ये सुधारलीही असती. पण या माणसाने काय केले आणि त्यातून पुढे काय झाले, या दोन गोष्टी त्यात आहेत. शिकवणाऱ्या माणसाला दुसरी गोष्ट सहसा कधीच कळत नाही. तो बोलतो, बसमध्ये बसतो आणि निघून जातो.

मुले असे पत्र लिहायला कचरतात. आपल्याला नीट लिहिता येणार नाही, एवढ्या मोठ्या माणसाला विचित्र वाटेल, अशी त्यांची भीती असते. या भीतीचा अभ्यास झालेला आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये सायकॉलॉजिकल सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला लावली. पत्र मिळणाऱ्याला कसे वाटेल याचा अंदाज लिहिणाऱ्यांकडून घेतला, आणि मग पत्र मिळालेल्यांनाच विचारले. लिहिणाऱ्यांनी समोरच्याच्या आनंदाचा अंदाज कमी केला होता आणि संकोचाचा अंदाज जास्त. लिहिणाऱ्याचे लक्ष आपण शब्द बरोबर वापरले का याकडे असते. वाचणाऱ्याचे लक्ष त्यातल्या आपुलकीकडे असते. सचिवेच्या दुसऱ्या खर्ड्यातला साधेपणा सरांना खटकणार नव्हता, तो बहुधा त्यांनी पाहिलाच नसता.

मार्गदर्शक प्राध्यापकांनी इथे एक पथ्य पाळायला हवे. विद्यार्थ्यांचे पत्र त्यांनी शुद्धलेखनासाठी जरूर पाहावे, पाहुण्यांचे नाव आणि पद तपासावे, पण वाक्ये आपली घालू नयेत. प्राध्यापकांच्या भाषेतले पत्र प्राध्यापकांनी आपल्या नावाने पाठवावे. समितीच्या सहीखाली विद्यार्थ्यांचाच आवाज असू द्यावा.

विद्यार्थ्यांनी स्वतःच्या सभा चालवणे आपल्याकडे जुने आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी सुरू केली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून ओळखल्या गेल्या, आणि तिथे तरुण मंडळी आपापल्या भाषेत निबंध वाचत, चर्चा करत. दादाभाई नौरोजी त्या वर्तुळातले. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि त्यांतले काही जण स्वतः तिथे शिकवू लागले. सभेत ऐकलेले आणि बोललेले कुठे गेले, हे त्या शाळांत दिसत होते.

आपल्या अभ्यास मंडळाच्या मुलांनी मार्चमध्ये आणि मेच्या अखेरीस अकरा विहिरी मोजल्या. पद्धत सरांनी सांगितली तीच. पोलादी टेपच्या टोकाला वजन बांधायचे, शेवटच्या दीड-दोन मीटरला खडू फासायचा, टेप पाण्यात बुडेपर्यंत सोडायची. काठाशी किती मीटरची खूण आहे ती वाचायची, टेप वर काढून ओला झालेला भाग त्यातून वजा करायचा, म्हणजे काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मिळते. पहिल्या दिवशी त्यांनी सहा विहिरींचे आकडे लिहिले आणि संध्याकाळी एकाच्या लक्षात आले की माप कठड्याच्या वरून घेतले आहे, जमिनीपासून नाही. एका विहिरीचा कठडा पाऊण मीटरचा, दुसरीला कठडाच नाही. आकड्यांची तुलना करायची तर जमीन हाच शून्य धरावा लागतो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सहाही विहिरींवर गेले आणि प्रत्येक कठड्याची उंची मोजून आले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सचिवेने सरांना दुसरे पत्र लिहिले. तोपर्यंत तिची परीक्षा झाली होती, आणि मंडळाची जबाबदारी सकाळी स्थानकावर गेलेल्या त्या मुलाकडे आली होती. पत्राखाली दोघांच्या सह्या होत्या. सोबत एक तक्ता होता: विहिरीचे ठिकाण, एकूण खोली, कठड्याची उंची, मार्चमधली पातळी, मेमधली पातळी. शाळेमागच्या विहिरीपुढे लिहिले होते: टेपचे माप ७.४०, कठडा ०.७५, जमिनीपासून पाणी ६.६५ मीटर. आणि तक्त्याखाली निळ्या शाईने एक ओळ, "सर, पहिल्या दिवशी कठडा वजा करायचा राहिला होता. ऑक्टोबरमध्ये चुकणार नाही."

आठ दिवसांनी उत्तराचे पाकीट आले. आत तक्त्याची प्रत होती, तिसऱ्या आणि नवव्या विहिरीभोवती पेन्सिलने गोल, आणि बाजूला सरांचे बारीक अक्षर: या दोन विहिरी मार्च ते मेमध्ये बाकीच्यांपेक्षा कमी उतरल्या आहेत, जवळ नाला किंवा पाझर तलाव आहे का, ते पाहून कळवा.